हिमोग्लोबिन ९.२, एमसीव्ही ७१: आठ खुणा आणि त्यांमागचे एक कारण

प्रश्न: माझ्या बायकोचं वय ३६. आम्ही गडहिंग्लजला राहतो. दोन-तीन महिने तिला थकवा आहे, जिना चढला की धाप लागते म्हणून सीबीसी केली. हिमोग्लोबिन ९.२, लाल पेशी ४.२५, एमसीव्ही ७१, आरडीडब्ल्यू १८.४, इओसिनोफिल ९ टक्के, प्लेटलेट ४ लाख ७२ हजार. आठ ठिकाणी एच नाहीतर एल अशी खूण आहे. प्लेटलेट जास्त म्हणजे काही गंभीर नाही ना? शेजारचे म्हणतात गूळ-शेंगदाणे आणि बीट चालू करा, रक्त वाढेल. नक्की काय समजायचं?

उत्तर:

मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करतो आणि रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या नातेवाइकांचे बोट सर्वांत आधी त्या एच आणि एलवर असते. आठ खुणा म्हणजे आठ बिघाड, असा सरळ हिशेब मनात धरला जातो. आपल्या पत्नीच्या रिपोर्टमधील खुणांपैकी सहा एकच गोष्ट सहा तऱ्हांनी सांगत आहेत, सातवी बहुधा तिचाच परिणाम आहे, आणि आठवीचा विचार थोडा वेगळा करावा लागेल. मी त्यांना तपासलेले नाही. त्यांची पाळी कशी आहे, त्या सध्या गरोदर आहेत का, आधीचे रिपोर्ट काय सांगतात आणि त्या कोणती औषधे घेतात, हे मला ठाऊक नाही. या चार गोष्टींवर पुढचे बरेच अवलंबून आहे. त्यामुळे हे उत्तर आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी आहे. निदान आणि औषध आपले डॉक्टर ठरवतील.

रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेला नॉर्मल पट्टा कसा तयार होतो, हे आधी पाहू. मोठ्या संख्येने निरोगी माणसांचे रक्त तपासतात, आलेले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडतात, आणि सर्वांत खालचे अडीच टक्के व सर्वांत वरचे अडीच टक्के सोडून मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे पूर्ण निरोगी असलेल्या दर वीस माणसांपैकी एक जण कोणत्याही एका तपासणीत पट्ट्याबाहेर जाणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर त्यांतली किमान एक तरी पट्ट्याबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणूनच कडेला किंचित सरकलेल्या एकट्या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये. मात्र एकमेकांशी सुसंगत असे चार-पाच आकडे एकाच दिशेने सरकलेले असतील, आणि तेही पट्ट्यापासून बरेच दूर, तर तो योगायोग नसतो. आपल्याकडे तसेच आहे.

यंत्र काय करते, हे कळले की ही सुसंगती लगेच दिसते. जांभळ्या टोपणाच्या बाटलीतले रक्त पातळ करून यंत्र ते एका बारीक छिद्रातून ओढते. प्रत्येक पेशी छिद्रातून जाताना विजेच्या प्रवाहात एक छोटा झटका उमटतो. झटके मोजले की पेशींची संख्या मिळते आणि झटक्याच्या उंचीवरून पेशीचा आकार कळतो. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून, रंगाच्या गडदपणावरून वेगळे मोजतात. अशा यंत्रांत लाल पेशींबाबत मुळात मोजलेल्या गोष्टी तीनच: संख्या, सरासरी आकार म्हणजेच एमसीव्ही, आणि हिमोग्लोबिन. बाकीचे बरेचसे गणित असते. आपण हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्केवारीतला वाटा, लिहिलेले नाही, पण एमसीव्ही ७१ ला लाल पेशींच्या ४.२५ ने गुणून १० ने भागले की ३०.२ येते, आणि आपल्या रिपोर्टमध्ये पीसीव्ही किंवा हेमॅटोक्रिटसमोर त्याच्या आसपासचा आकडा आणि एल अशी खूण असणार. एमसीएच म्हणजे एका पेशीतले सरासरी हिमोग्लोबिन, ते ९.२ ला १० ने गुणून ४.२५ ने भागल्यावर २१.६ येते, त्यावरही एल. एमसीएचसी, म्हणजे पेशींतल्या हिमोग्लोबिनची घनता, ३०.५ च्या जवळ. बहुतेक लॅबमध्ये त्यावरही एल. म्हणजे हिमोग्लोबिन, हेमॅटोक्रिट, एमसीव्ही, एमसीएच आणि एमसीएचसी हे पाच एल आणि आरडीडब्ल्यूचा एच मिळून सहा खुणा झाल्या, आणि त्या सगळ्या लाल पेशींच्या एकाच अवस्थेचे वर्णन करतात.

आता हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये १२ च्या खाली, गरोदरपणात ११ च्या खाली आणि पुरुषात १३ च्या खाली गेले की जागतिक आरोग्य संघटना त्याला ॲनिमिया म्हणते. गरोदर नसलेल्या स्त्रीत ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र. ९.२ हा मध्यम ॲनिमिया आहे. थकवा आणि जिना चढताना लागणारी धाप त्याने समजावून सांगता येते. हाच आकडा दुसऱ्या लॅबमध्ये ९.५ किंवा ८.९ आला तर लॅब बदलून पुन्हा पुन्हा तपासत बसू नये. एवढा फरक यंत्र, नमुना घेण्याची पद्धत आणि त्या दिवशी शरीरात असलेले पाणी यांमुळे पडतो. या तपासणीसाठी उपाशीपोटी यावे लागत नाही, हेही जाता जाता सांगतो, कारण लांबच्या गावाहून पहाटेची एसटी धरून चहासुद्धा न घेता आलेले पेशंट मी रोज पाहतो.

हिमोग्लोबिन फक्त कमी आहे एवढेच सांगते, का कमी आहे ते सांगत नाही. त्यासाठी एमसीव्ही पाहायचा असतो. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर त्याचा पट्टा साधारण ८३ ते १०१ असा छापलेला असतो. काही लॅब ८० पासून धरतात. ७१ म्हणजे पेशी नेहमीपेक्षा स्पष्टपणे लहान आहेत. पेशी लहान का होतात, याचे उत्तर हाडांच्या आतील मगजात आहे. लाल पेशी तयार होत असताना तिचे पूर्वरूप पुन्हा पुन्हा विभागते, आणि आत पुरेसे हिमोग्लोबिन भरले की विभागणे थांबते. हिमोग्लोबिन बनवायला लोह लागते. लोह अपुरे असेल तर पेशी पुरेशी भरत नाही, त्यामुळे ती एखाद वेळ अधिक विभागते आणि शेवटी लहान व फिकी अशी बाहेर पडते. एमसीव्ही आणि एमसीएच दोन्ही एकदम का घसरतात, ते यातून कळते.

आरडीडब्ल्यू १८.४ हा याच गोष्टीचा दुसरा पुरावा आहे. हा आकडा पेशींच्या आकारांत किती तफावत आहे, ते सांगतो. सर्वसाधारण वरची मर्यादा १४ ते १४.५ असते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. शरीरातील लोह हळूहळू आटत जाते, तेव्हा रक्तात तीन महिन्यांपूर्वीच्या चांगल्या आकाराच्या पेशीही असतात आणि गेल्या आठवड्यातल्या बारक्या पेशीही. या सरमिसळीमुळे तफावत वाढते. अशा रक्ताची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, तेव्हा एरवी पेशीच्या मध्यभागी तिच्या साधारण एक तृतीयांश एवढीच असणारी फिकट जागा पसरून कडेला हिमोग्लोबिनची फक्त बारीक कड उरलेली दिसते, आणि अधूनमधून पेन्सिलीसारख्या लांबट, निमुळत्या पेशी दिसतात. आपल्या रिपोर्टच्या तळाशी ‘पेरिफेरल स्मिअर’ असा परिच्छेद असेल तर तो वाचा. तिथे ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’ म्हणजे लहान आणि फिक्या पेशी असे लिहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे. तो परिच्छेद नसेल तर लॅबला स्मिअर पाहायला सांगता येते.

यावरून लोहाची कमतरता म्हणून मोकळे व्हावे, तर मध्ये एक अडचण आहे. लहान पेशींचे दुसरे नेहमीचे कारण थॅलेसेमिया मायनर हे आहे. त्यात लोह पुरेसे असते, पण हिमोग्लोबिनची एक साखळी जन्मतःच कमी बनते. अशा व्यक्तीला बहुधा काहीच त्रास नसतो, आणि लोहाच्या गोळ्यांनी तिचे हिमोग्लोबिन वाढत नाही. रक्त कमी आहे म्हणून वर्षानुवर्षे लोहाची टॉनिके घेत राहिलेल्या अशा व्यक्ती आमच्याकडे अधूनमधून येतात. हा वाहकपणा सिंधी, पंजाबी, कच्छी लोहाणा अशा काही समाजांत अधिक आढळतो, पण इतरत्र आढळत नाही असे नाही, त्यामुळे आडनाव पाहून निर्णय करू नये.

दोन्हींत फरक करण्याची पहिली चाळणी रिपोर्टमध्येच असते आणि ती म्हणजे लाल पेशींची संख्या, जिच्यावर आपल्या रिपोर्टमध्ये कोणतीच खूण नाही. थॅलेसेमिया मायनरमध्ये मगज कच्च्या मालाअभावी थांबलेला नसतो, म्हणून तो लहान पेशी भरपूर संख्येने तयार करतो. लोहाच्या कमतरतेत पेशी लहानही होतात आणि संख्याही वाढत नाही. म्हणून एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागतात. याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. भागाकार १३ पेक्षा जास्त आला तर कल लोहाच्या कमतरतेकडे, कमी आला तर थॅलेसेमिया मायनरकडे. आपल्या पत्नीचा भागाकार ७१ ÷ ४.२५ = १६.७ येतो. तुलनेसाठी थॅलेसेमिया मायनरचा नमुनेदार रिपोर्ट असा असतो: हिमोग्लोबिन ११.२, लाल पेशी ५.८, एमसीव्ही ६४, आरडीडब्ल्यू १४.५. तिथे भागाकार ११ येतो, पेशी खूपच लहान असूनही हिमोग्लोबिन फारसे घसरलेले नसते आणि आकारांत तफावतही जवळपास नसते. आपल्याकडचे चित्र याच्या उलट आहे.

मात्र ही चाळणी आहे, निकाल नव्हे. एकाच व्यक्तीत दोन्ही गोष्टी असू शकतात आणि मग भागाकार फसवतो. थॅलेसेमियाची खात्री एचपीएलसी या तपासणीत हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण पाहून होते. ते साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर वाहकपणा धरतात. लोहाची तीव्र कमतरता असताना हे प्रमाण खाली येऊन वाहकपणा झाकला जाऊ शकतो, म्हणून शक्य असेल तिथे आधी लोह भरून काढावे आणि मग ही तपासणी करावी. गरोदरपण असेल तर थांबू नये, कारण पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते.

प्लेटलेटबद्दल आपण काळजीने विचारले आहे. छापील वरची मर्यादा बहुधा ४ लाख १० हजार किंवा ४ लाख ५० हजार असेल आणि आपला आकडा ४ लाख ७२ हजार आहे. लोहाची कमतरता असताना प्लेटलेट वाढणे ही ओळखीची प्रतिक्रिया आहे आणि लोह भरले की ती आपोआप उतरते. शिवाय यंत्र आकारावरूनच पेशी ओळखते, त्यामुळे फारच बारक्या लाल पेशींचे तुकडे काही वेळा प्लेटलेटच्या हिशेबात धरले जातात. एवढ्या वाढीसाठी आज वेगळी तपासणी करावी असे मला वाटत नाही. लोह भरून निघाल्यावरही प्लेटलेट साडेचार लाखांच्या वरच राहिल्या, किंवा आताच त्या आठ-दहा लाख असत्या, तर मी हे लिहिले नसते.

इओसिनोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी; त्या ९ टक्के, ही आठवी खूण. टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष संख्या पाहावी. आपण एकूण पांढऱ्या पेशी लिहिलेल्या नाहीत. त्या ७,८०० असतील तर ९ टक्के म्हणजे सुमारे ७०० इओसिनोफिल झाले, आणि ५०० च्या वर ही थोडी वाढ धरली जाते. ॲलर्जीची सर्दी, दमा, त्वचेची ॲलर्जी, काही औषधे यांमुळे एवढी वाढ सहज होते. तरीही लोहाच्या कमतरतेबरोबर ती दिसली की मी एक प्रश्न आवर्जून विचारतो: शेतात अनवाणी काम असते का? अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून पायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात, पुढे आतड्याच्या आतल्या बाजूला चिकटून रोज थोडे थोडे रक्त ओढतात, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. भाताची खाचरे आणि उसाची पाणी पाजलेली सरी ही त्यांच्या सोयीची जागा. आपल्या घरी शेती असेल तर डॉक्टरांना हे सांगा. शौचाची तपासणी किंवा जंताचे औषध याचा निर्णय ते घेतील. शेती नसेल आणि वारंवार शिंका येत असतील तर ९ टक्क्यांचे कारण बहुधा तिथेच आहे.

पुढची तपासणी कोणती, असे विचाराल तर एकच नाव घेईन: फेरिटिन. शरीरातला लोहाचा साठा या प्रथिनात असतो आणि रक्तातले त्याचे प्रमाण साठ्याचा अंदाज देते. लोह आटू लागते तेव्हा आधी फेरिटिन उतरते, हिमोग्लोबिन आणि पेशींचा आकार त्यानंतर घसरतात, म्हणजे ९.२ पर्यंत पोहोचेपर्यंत साठा बहुधा रिकामा झालेला असतो. फक्त ‘सीरम आयर्न’ करून येऊ नका. तो आकडा दिवसाच्या वेळेनुसार आणि आदल्या दिवशी घेतलेल्या गोळीने वर-खाली होतो. गोळ्या सुरू करण्यापूर्वी नमुना दिला तर फेरिटिनचा अर्थ लावणे सोपे जाते.

फेरिटिनच्या बाबतीत छापील पट्ट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. काही लॅबच्या रिपोर्टवर स्त्रियांसाठी खालची मर्यादा १० च्या आसपास दिलेली असते, कारण पट्टा ठरवताना ज्यांना निरोगी धरले त्यांच्यातही लोह कमी असलेल्या स्त्रिया असतात. त्यामुळे फेरिटिन १२ आले आणि शेजारी कोणतीच खूण नाही, असे होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे निरोगी प्रौढात १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला, आणि प्रत्यक्ष व्यवहारात आम्ही ३० च्या खाली असेल तरी कमतरता धरतो. उलट बाजूही आहे. ताप, जंतुसंसर्ग, संधिवात किंवा यकृताचा आजार असेल तर फेरिटिन खोटेच वर जाते, आणि अशा वेळी ७० पर्यंतचा आकडाही कमतरता लपवत असू शकतो. म्हणून नुकताच ताप येऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना सांगा. ते सोबत सीआरपी ही शरीरातील दाह दाखवणारी तपासणी करायला सांगतील.

समजा, फेरिटिन ७ आले. कमतरता सिद्ध झाली, पण काम अर्धेच झाले, कारण लोह गेले कुठे हे शोधायचे आहे. आहारातून रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते आणि त्यातले सुमारे १ मिलिग्रॅम रोजच्या झिजेत जाते. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेले तर ४० मिलिग्रॅम लोह गेले, आणि महिन्याची शिल्लक यापेक्षा कमीच असते. म्हणून छत्तीस वर्षांच्या स्त्रीबाबत पहिली चौकशी पाळीची. रक्त मिलिलिटरमध्ये कोणी मोजत नाही, तेव्हा पत्नीशी बोलून एवढे पाहा: पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागते का, रात्री उठावे लागते का, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का. यांतले काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या गाठी दिसू शकतात आणि थायरॉइडची तपासणीही होते. आपल्याकडे अनेक बायका अशी पाळी नेहमीचीच म्हणून वर्षानुवर्षे काढतात, त्यामुळे नुसते ‘पाळी बरोबर आहे ना?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ येते. प्रश्न नेमका विचारावा लागतो.

पाळी खरोखर बेताची असेल तर पोटाकडे वळावे: गुडघेदुखी किंवा डोकेदुखीसाठी सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, ॲसिडिटी, मूळव्याध. आणि एक गोष्ट ठामपणे लिहितो, कारण हे उत्तर दुसरेही वाचतील. हाच रिपोर्ट साठ वर्षांच्या पुरुषाचा किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीचा असता, तर मी गोळ्यांच्या आधी पोटाच्या आणि आतड्याच्या दुर्बिणीने तपासणीचा विषय काढला असता. त्या वयात लोहाच्या कमतरतेमागे आतड्यातील अल्सर किंवा गाठ असण्याची शक्यता दुर्लक्षून चालत नाही, आणि टॉनिकने हिमोग्लोबिन थोडे वाढले की कारण शोधायचे राहून जाते. आकडे तेच, पण वय बदलले की अर्थ बदलतो.

गूळ-शेंगदाण्याबद्दल. गुळात लोह असते, आणि आपल्या भागात त्याचा पुरस्कार होणारच. पण हिशेब पाहू. ५५ किलो वजनाच्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ९.२ वरून १३ वर न्यायचे आणि रिकामा साठा भरायचा तर अंदाजे १,००० मिलिग्रॅम लोह शरीरात जायला हवे. गुळातले आणि शेंगदाण्यातले लोह फार कमी शोषले जाते, बिटाचा लाल रंग लोहाचा नसतो, आणि मटणातले लोह तुलनेने चांगले शोषले जात असले तरी रविवारच्या तांबड्या रश्श्यातून हा खड्डा भरत नाही. आहार पुढे पुन्हा कमतरता होऊ नये म्हणून सांभाळायचा. आत्ता गोळी लागेल. सरकारी दवाखान्यात दर आठवड्याला एक याप्रमाणे मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी ही कमतरता होऊ नये म्हणून असते; ९.२ ला तेवढी पुरत नाही. उपचाराची मात्रा डॉक्टर ठरवतील, रोज एक किंवा एक दिवसाआड. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. पोटाला सोसत असेल तर उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौच काळसर होते, ते अपेक्षित आहे. पण डांबरासारखे चिकट, उग्र वासाचे काळे शौच झाले तर तो पोटातील रक्तस्राव असू शकतो आणि त्याच दिवशी दाखवावे. बसल्या जागी धाप, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा थांबतच नाही असा रक्तस्राव यांपैकी काही झाले तर फेरिटिनच्या रिपोर्टची वाट न पाहता गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात जावे.

गोळ्या सुरू झाल्यावर पुढची सीबीसी साधारण चार आठवड्यांनी करावी. तोवर हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमने वाढलेले दिसावे, ९.२ चे १०.५ किंवा ११ झाले तर निदान बरोबर आणि उपचार लागू. अजिबात वाढले नाही तर क्रमाने पाहायचे: गोळी खरोखर घेतली जाते का, की मळमळ होते म्हणून दोन दिवसांत बंद झाली, चहाबरोबर घेतली जाते का, रक्तस्राव चालूच आहे का, आणि यांतले काहीच नसेल तर एचपीएलसी, बी-१२ आणि लोह न शोषले जाण्याची कारणे. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेले म्हणून गोळ्या बंद करू नयेत. साठा भरण्यासाठी त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात, आणि शेवटी एकदा फेरिटिन पाहून थांबावे. चार आठवड्यांनंतरच्या त्या पहिल्या रिपोर्टमध्ये आरडीडब्ल्यू १८.४ वरून २१-२२ वर गेलेला दिसला तर घाबरू नका: जुन्या बारक्या पेशींत नव्या, चांगल्या आकाराच्या पेशी येऊन मिसळल्या की तफावत काही आठवडे आणखी वाढते, आणि शेजारच्या खुणेत एचच छापला जातो.